‘ती’ म्हणजे नेमकी कोण? सेंटरिंगने सर्वनाम सोडवताना कोणती पायरी कधी घ्यायची

उताऱ्यात एका वाक्याकडून पुढच्या वाक्याकडे जाताना लक्ष कोणावर राहतं हे सांगणारा सेंटरिंग सिद्धांत लावून सोडवलेले मराठी उतारे तपासताना मला बहुतेक चुका एकाच जागी सापडतात. ‘ती’ म्हणजे कोण हे सोडवणाऱ्याने आधीच मनात ठरवलेलं असतं आणि मग त्या उत्तराला जुळेल अशी क्रमवारी खाली मांडलेली असते. उत्तर बरोबर येतं, पण सिद्धांताची परीक्षा होतच नाही. मराठीत हा मोह जास्त होतो, कारण आपल्याकडे क्रियापद एकाशी जुळतं आणि वाक्य दुसऱ्याबद्दल असतं. ‘तिला सुमन दिसली’ या तीन शब्दांत क्रियापद सुमनकडे बघतं, गोष्ट मात्र ‘तिची’ चालू आहे. अशा वाक्यांपाशी काय करायचं, आणि त्याआधी काय करून ठेवायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

तीन संज्ञा पुरतात. विधानात उल्लेख झालेल्या व्यक्ती आणि वस्तूंची महत्त्वानुसार लावलेली यादी म्हणजे त्या विधानाची पुढची केंद्रं. सूत्रांत त्यांना Cf लिहितात. त्या यादीतलं पहिलं नाव म्हणजे अग्रकेंद्र, Cp. आणि हे विधान मागच्या विधानाला ज्या एकाच धाग्याने जोडलेलं असतं तो धागा म्हणजे मागचं केंद्र, Cb.

## १. तयारी: उताऱ्यातल्या रिकाम्या जागा आधी भरा

उतारा हाताने उतरवून घ्या आणि प्रत्येक विधान वेगळ्या ओळीवर लिहा. विधान म्हणजे एक काळवाचक क्रियापद, एवढी व्याख्या सुरुवातीला पुरते. ‘वही उघडून’, ‘दार लावताना’ असे भाग मुख्य क्रियापदाच्याच ओळीत ठेवा. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘पण’ यांच्यापुढे स्वतंत्र क्रियापद असेल तर नवी ओळ करा. ‘म्हणाली की…’ याच्या पुढचा भाग वेगळा धरायचा की नाही यावर अभ्यासकांत एकमत नाही, तेव्हा एक पद्धत निवडा, ती कागदाच्या डोक्यावर लिहा आणि शेवटपर्यंत बदलू नका.

आता गाळलेली सर्वनामं शोधा. ‘आली, बसली, काही न बोलता निघून गेली’ यात तीन क्रियापदं आहेत आणि उघड सर्वनाम एकही नाही. जिथे कर्ता गाळलेला आहे तिथे ∅ ही खूण करा. ही पायरी चुकली तर पुढचा सगळा हिशेब चुकतो, कारण मराठीत सर्वांत ठळक व्यक्ती बऱ्याचदा या रिकाम्या जागेतच असते.

तिसरं काम म्हणजे प्रत्येक क्रियापदाखाली ते कशाशी जुळलं आहे ते लिहिणं. ‘निघून गेली’ हे करणाऱ्याशी जुळलं आहे, त्यामुळे ∅ स्त्रीलिंगी आहे हे कळतं. ‘पत्र फाडलं’ हे पत्राशी जुळलं आहे. फाडणारी व्यक्ती बाई की पुरुष हे त्यावरून कळत नाही. ‘वही फाडली’ इथे फसगत सगळ्यात जास्त होते, कारण ‘फाडली’तलं स्त्रीलिंग वहीचं असूनही वाचताना ते फाडणाऱ्या व्यक्तीला चिकटतं.

तपासा: प्रत्येक ओळीत क्रियापद एक, आणि प्रत्येक ∅ ला लिंग-वचनाचा पुरावा आहे की नाही याची नोंद झाली आहे. ‘ती’चा अर्थ अजून कुठेही लिहिलेला नसावा.

## २. क्रमवारीचा नियम सर्वनामाला हात लावण्यापूर्वी ठरवा

मूळ मांडणीत, म्हणजे ग्रोस, जोशी आणि वाइनस्टाइन यांच्या १९९५ च्या लेखात, क्रमवारी इंग्रजीसाठी साधारण अशी धरली आहे: कर्ता, मग कर्म, मग बाकीचे. मराठीत आणताना ‘कर्ता’ या शब्दापाशी अडखळायला होतं. कर्ता म्हटलं की प्रथमा आणि क्रियापदाचा मेळ बघायचा मोह होतो. ती खूण इथे चालत नाही. ‘नीताने वही उघडली’ यात मेळ वहीशी आहे, तरी यादीत वही वर ठेवली तर पुढच्या वाक्यातलं ‘तिने’ सोडवताना पहिली उमेदवार वही होईल.

मी ही कसोटी लावतो: वाक्यात ‘आपला’ घालून बघा आणि तो कोणाकडे वळतो ते पाहा. ‘नीताने सुमनला आपली वही दिली’: वही नीताची. ‘नीताला आपली वही सापडली’: इथेही नीताचीच, जरी नीताला ‘ला’ लागला आहे आणि क्रियापद वहीशी जुळलं आहे. म्हणजे दिसणे, सापडणे, आवडणे, आठवणे, सुचणे अशा क्रियापदांसोबतची ‘ला’ लागलेली व्यक्ती कर्त्यासारखी वागते. देणे, सांगणे, विचारणे यांच्यासोबतचा ‘ला’ मात्र तसा नाही. एकच प्रत्यय, दोन वेगळी कामं. या कसोटीची मर्यादा अशी की ‘नीताला सुमन आपल्या खोलीत दिसली’ अशा वाक्यात ‘आपल्या’ दोघींकडे वळू शकतो. म्हणून कसोटीसाठी दुसरं नाम निर्जीव घेतलेलं बरं.

यावरून मराठीसाठी माझी कामचलाऊ क्रमवारी अशी:

```
अनुभवणारा किंवा करणारा (ने / ला / प्रथमा)
  > ज्याला दिलं-सांगितलं तो
  > कर्म किंवा अनुभवाचा विषय
  > इतर (स्थळ, साधन, मालक)
```

भाषेनुसार क्रमवारी बदलणं हे सिद्धांताला धरूनच आहे. वॉकर, इइदा आणि कोट यांनी १९९४ मध्ये जपानीसाठी विषयदर्शक नाम कर्त्याच्याही वर ठेवलं होतं. चूक होते ती क्रमवारी एका उताऱ्याच्या मध्यात बदलली की.

## ३. चाळणी: व्याकरणाने कोण बाद होतं?

आता प्रत्येक सर्वनामासमोर मागच्या विधानातल्या उमेदवारांची नावं लिहा आणि जे अशक्य आहेत त्यांच्यावर काट मारा. काट मारण्याची कारणं तीनच धरा: लिंग-वचन जुळत नाही; एकाच क्रियापदाभोवतीची दोन सर्वनामं एकाच व्यक्तीची होऊ शकत नाहीत (‘तिने तिला हाक मारली’ यात दोन बायका हव्यातच); किंवा क्रियापद त्या प्रकारच्या गोष्टीला लागूच होत नाही.

तिसरं कारण जपून वापरा. ‘नीताने वही टेबलावर ठेवली. ती फाटली होती.’ लिंगाने नीता आणि वही दोघी उरतात, पण माणूस त्या अर्थाने फाटत नाही, म्हणून नीता बाद. ‘ती घाईत होती’ यात मात्र दोन बायकांपैकी घाई कोणाला असण्याची शक्यता जास्त, हा अंदाज आहे. अंदाजावरून काट मारायची नाही. चाळणीत फक्त अशक्य गळतं. कमी संभवनीय उमेदवार यादीत राहतो.

सावधान: मराठी सर्वनामांची रूपं दुहेरी-तिहेरी आहेत. ‘ते’ म्हणजे एक नपुंसकलिंगी वस्तू, अनेक पुरुष, किंवा आदरार्थी एक पुरुष. ‘त्या’ म्हणजे अनेक बायका किंवा आदराने उल्लेखलेली एक. ‘ती’ म्हणजे एक स्त्री, एक स्त्रीलिंगी वस्तू किंवा अनेक मुलं. ‘ती आली’ हे मुलीलाही चालतं आणि मुलांनाही, क्रियापदावरूनसुद्धा कळत नाही. ‘ती येते’ आणि ‘ती येतात’ असं वर्तमानकाळात करून बघा, किंवा पुढे ‘तिने’ येतं की ‘त्यांनी’ ते बघा. घाईने ‘एकवचन’ लिहून खरा उमेदवार बाद झालेला मी अनेकदा पाहिला आहे.

## ४. मागचं केंद्र काढा, पण मागच्या यादीवरून

नियम असा: मागच्या विधानाच्या यादीत जे नाव सगळ्यात वर होतं आणि जे याही विधानात आलं आहे, ते या विधानाचं मागचं केंद्र. म्हणजे क्रम मागच्या वाक्याचा बघायचा आणि हजेरी या वाक्यातली. नवख्यांच्या कागदावर नेमकं उलटं असतं. ते या वाक्याचा कर्ता उचलतात आणि त्यालाच मागचं केंद्र म्हणतात. तसं केलं की मागचं केंद्र आणि अग्रकेंद्र कायम एकच निघतात आणि पुढच्या पायरीला काही काम उरत नाही.

उताऱ्याच्या पहिल्या विधानाला मागचं केंद्र नसतं. तिथे रेघ ओढा.

याला जोडून सिद्धांताचा पहिला नियम येतो. तो असं म्हणत नाही की मागचं केंद्र नेहमी सर्वनामाने यावं. तो म्हणतो, मागच्या यादीतलं काहीही या विधानात सर्वनामाने आलं असेल, तर मागचं केंद्रही सर्वनामाने आलेलं असलं पाहिजे. मराठीत ∅ ला मी ‘ती’पेक्षा वरचं सर्वनाम धरतो: एकाच विधानात दोन्ही असतील तर मागचं केंद्र ∅ मध्ये असावं.

## ५. संक्रमणाचं नाव

एका विधानातून पुढच्या विधानात जाताना केंद्राचं काय होतं, ते संक्रमण. त्याचं नाव ठरवायला दोन प्रश्न विचारा. या विधानाचं मागचं केंद्र आणि आधीच्या विधानाचं मागचं केंद्र एकच आहे का? आणि ते या विधानाचं अग्रकेंद्र आहे का?

```
केंद्र तेच,    अग्रकेंद्रही तेच   : कंटिन्यू
केंद्र तेच,    अग्रकेंद्र वेगळं    : रिटेन
केंद्र बदललं,  अग्रकेंद्र तेच      : स्मूद शिफ्ट
केंद्र बदललं,  अग्रकेंद्र वेगळं    : रफ शिफ्ट
```

आधीच्या विधानाला मागचं केंद्रच नसेल तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘तेच’ असं धरतात. वरून खाली पसंती कमी होत जाते. ब्रेनन, फ्रीडमन आणि पोलार्ड यांनी १९८७ मध्ये दिलेली सर्वनाम सोडवण्याची पद्धत हीच आहे: चाळणीतून उरलेलं प्रत्येक वाचन मांडायचं, पहिला नियम मोडणारी वाचनं टाकायची, आणि उरलेल्यांत ज्याचं संक्रमण वरचं ते घ्यायचं.

## ६. एक उतारा शेवटपर्यंत

> (अ) नीता बऱ्याच दिवसांनी कार्यक्रमाला गेली होती.
> (आ) तिला दारातच सुमन दिसली.
> (इ) तिने तिला हाक मारली.

(अ) ची यादी: नीता, कार्यक्रम. मागचं केंद्र नाही.

(आ) मध्ये ‘तिला’चे उमेदवार नीता आणि कार्यक्रम; कार्यक्रम पुल्लिंगी म्हणून बाद. मागचं केंद्र नीता. आता यादीपाशी थांबा. क्रियापद सुमनशी जुळलं आहे, अनुभव नीताचा आहे. दोन्ही क्रमवाऱ्या लावून काय होतं ते बघू.

पहिली, मेळ बघणारी क्रमवारी: सुमन, नीता, दार. मग (इ) मध्ये दोघीही हजर असल्यामुळे मागचं केंद्र सुमन होतं, कारण मागच्या यादीत ती वर आहे.

```
तिने = नीता, तिला = सुमन : केंद्र सुमन, अग्र नीता → रफ शिफ्ट
तिने = सुमन, तिला = नीता : केंद्र सुमन, अग्र सुमन → स्मूद शिफ्ट
```

या क्रमवारीचं उत्तर: हाक सुमनने मारली.

दुसरी, अनुभवणाऱ्याला वर ठेवणारी क्रमवारी: नीता, सुमन, दार. मागचं केंद्र नीता.

```
तिने = नीता, तिला = सुमन : केंद्र नीता, अग्र नीता → कंटिन्यू
तिने = सुमन, तिला = नीता : केंद्र नीता, अग्र सुमन → रिटेन
```

उत्तर: हाक नीताने मारली. मराठी वाचक हेच वाचतो. म्हणजे इथे व्याकरणातला मेळ आणि ठळकपणा यांची गाठ पडली आणि ठळकपणा टिकला.

पण एवढ्यावर क्रमवारी सिद्ध झाली असं समजू नका. जी बघते तीच हाक मारते, ही व्यवहाराची समजूतही त्याच उत्तराकडे ढकलते. म्हणून (इ) बदलून बघा: ‘तिने तिला नमस्कार केला’, ‘तिने तिला नाव विचारलं’, ‘तिने तिला बसायला सांगितलं’. वाक्यागणिक कौल थोडा डळमळेल. तो तरीही बहुतेक वेळा नीताकडेच राहिला तर क्रमवारीच्या बाजूने काही म्हणता येतं. क्रियापदाबरोबर उलटला तर तुम्ही ठळकपणा मोजतच नव्हता.

पहिल्या नियमाची तपासणीही याच उताऱ्यात होते. (इ) च्या जागी ‘सुमनने तिला हाक मारली’ ठेवा. केंद्र नीता सर्वनामाने, सुमन नावाने. वाक्य नीट चालतं. आता ‘तिने नीताला हाक मारली’ ठेवा. केंद्र नीता नावाने आणि सुमन सर्वनामाने आली. नियम मोडला, आणि कानालाही ते खटकतं: क्षणभर वाटतं की ही नीता कोणी दुसरीच असेल.

सावधान: क्रमवारीवरून वाद घालण्याआधी तिने फरक पडतो का ते बघा. (इ) च्या जागी ‘ती घाईत होती’ असेल तर सर्वनाम एकच आहे. ‘ती’ म्हणजे नीता घेतली तर कंटिन्यू, सुमन घेतली तर स्मूद शिफ्ट, आणि हे दोन्ही क्रमवाऱ्यांत तसंच येतं, कारण विधानात एकच जण हजर असल्यावर वर-खाली ठरवायला दुसरं कोणी नसतं. क्रमवारीची परीक्षा घ्यायची तर दोघांचाही उल्लेख असलेलं विधान लागतं.

## ७. सिद्धांत एक म्हणतो, वाचक दुसरं

त्याच ‘ती घाईत होती’पाशी आणखी थोडं थांबायला हवं. पद्धतीचं उत्तर नीता आहे. माझ्या कानाला मात्र तिथे सुमन ऐकू येते: नुकतीच दिसलेली बाई, आणि पुढचं वाक्य ती कशी दिसली हे सांगतं. हे वाचन सिद्धांताला पटत नाही म्हणून खोटं ठरत नाही आणि वाचकाला पटतं म्हणून सिद्धांत मोडीत निघत नाही. सेंटरिंग फक्त धागा कुणाच्या हातात आहे ते मोजतं. दोन वाक्यांमधलं नातं, म्हणजे दुसरं वाक्य वर्णन करतं, कारण देतं की पुढची घटना सांगतं, हे त्याच्या हिशेबात नाही.

ते नातं किती जोर लावतं ते या तीन वाक्यांत दिसतं:

> सुमन नीतावर रागावली, कारण तिने वही हरवली होती.
> सुमन नीतावर रागावली आणि निघून गेली.
> सुमन नीतावर रागावली आणि ती निघून गेली.

पहिल्यात सुमन वर आहे, आणि आधीच्या ओळीपासून केंद्रही तीच असेल तर पद्धत ‘तिने’ला सुमनच म्हणेल, पण वाचक नीता वाचतो, ‘कारण’ रागाचं मूळ शोधायला लावतं आणि ते रागाच्या विषयात असतं. ‘हरवली होती’ इथलं स्त्रीलिंग वहीचं, त्याची मदत नाही. दुसऱ्यात ∅ आहे, आणि निघून गेली ती सुमनच. तिसऱ्यात उघड ‘ती’ आली आणि वाचक थबकतो: तीच असती तर गाळलं असतं, मग ही दुसरी तर नव्हे? लिंग, वचन, क्रमवारी सगळं दुसऱ्या वाक्यासारखंच असून फक्त गाळण्या-न गाळण्याने कौल हलला.

अशा ठिकाणी नोंद तीन भागांत करा: पद्धतीने आलेलं उत्तर, निदान दोन-तीन वाचकांनी स्वतंत्रपणे दिलेलं उत्तर, आणि दोन्ही वेगळी असतील तर कशामुळे. कारण लिहिताना नेमकं लिहा: वाक्यांमधलं नातं, ∅ आणि ‘ती’ यांतला फरक, की चाळणीत सुटलेला उमेदवार. ‘संदर्भामुळे’ असं लिहिलं तर दुसऱ्या कोणाला ते तपासता येत नाही.

वाचकांना विचारतानाही एक चूक होते. ‘इथे ती म्हणजे सुमन ना?’ असं विचारलं की हो येतं. त्याऐवजी प्रश्न सर्वनामाशिवाय विचारा: ‘घाई कोणाला होती?’ आणि उतारा पहिल्या ओळीपासून वाचायला द्या. (आ) आणि (इ) एवढंच दाखवलं तर नीताचा धागा वाचकाच्या हातात येतच नाही आणि तुम्ही मोजत असता ते वेगळंच काही.

## ८. वही मिटण्यापूर्वी

चारच गोष्टी उलट क्रमाने बघून घ्या. जिथे रफ शिफ्ट आलं आहे तिथे ओळी नीट पाडल्या आहेत का बघा. मराठी उताऱ्यात लागोपाठ दोन रफ शिफ्ट दिसले तर बहुतेक वेळा मधला एखादा ∅ सुटलेला असतो. प्रत्येक मागच्या केंद्राला मागच्या यादीतून बाण काढता येतो का बघा. चाळणीत मारलेल्या प्रत्येक काटेशेजारी तीनपैकी एक कारण लिहिलं आहे का बघा. आणि ‘ला’ असलेल्या प्रत्येक वाक्यात तो अनुभवणाऱ्याचा ‘ला’ आहे की घेणाऱ्याचा, हे क्रमवारीआधी लिहिलं होतं की उत्तर कळल्यावर घातलं, ते शाईवरून नाही तरी स्वतःला आठवून बघा. नंतर घातलं असेल तर तो उतारा पुराव्यात धरू नका. नवा उतारा घ्या आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सोडवा.